डिलिव्हरी गाड्यांचा घसारा: धावलेल्या किलोमीटरवर की उतरत्या वर्षांकांवर?

प्रश्न: पाच नव्या डिलिव्हरी व्हॅन घेतल्या आहेत. ऑडिटर म्हणतात, किलोमीटरप्रमाणे घसारा लावा. आमचे जुने हिशेबनीस म्हणतात, वर्षांच्या अंकांची बेरीज करून लावा, सुरुवातीलाच जास्त निघून जातो. शेवटी रक्कम तेवढीच जाणार असेल तर गाडीच्या पूर्ण आयुष्यात फरक नेमका पडतो कुठे?

उत्तर:

एका गाडीचा हिशेब पहिल्या दिवसापासून विक्रीपर्यंत दोन्ही पद्धतींनी करून पाहिला की हा फरक डोळ्यांसमोर येतो. आकडे गोल घेतो, म्हणजे तुम्हाला कागदावर पडताळता येतील.

एका व्हॅनची मूळ किंमत १०,००,००० रुपये धरू. बॉडी बसवणं, नोंदणी, असं गाडी रस्त्यावर आणण्यासाठी जे काही लागलं ते सगळं त्यात आलं. पाच वर्षांनी ती विकून, विक्रीचा खर्च वजा जाता १,००,००० हातात येतील असा अंदाज आहे, म्हणजे हे अवशेष मूल्य. उरलेले ९,००,००० रुपये ही घसारापात्र रक्कम. दोन्ही पद्धती याच ९,००,००० वर चालतात. इथे बरेच जण पहिली चूक करतात: घटत्या शिलकीच्या पद्धतीची सवय असल्यामुळे वर्षांकांचा अपूर्णांक मूळ किमतीला किंवा उरलेल्या पुस्तकी किमतीला लावतात. वर्षांक पद्धतीत दरवर्षी बदलतो तो अपूर्णांक. ज्या रकमेला तो लावायचा ती शेवटपर्यंत ९,००,०००च राहते.

आयुष्य पाच वर्षं, म्हणून अंकांची बेरीज ५ + ४ + ३ + २ + १ = १५. पहिल्या वर्षी ५/१५, दुसऱ्या वर्षी ४/१५, असं उतरत पाचव्या वर्षी १/१५. वर्षं जास्त असतील तर बेरीज करत बसायची गरज नाही, वर्षं गुणिले (वर्षं अधिक एक) भागिले दोन. स्प्रेडशीटमध्ये तयार फंक्शन आहे:

```
=SYD(1000000,100000,5,1)
```

शेवटचा आकडा गाडीच्या वयाचं वर्ष. उत्तर ३,००,००० येतं. हे वर्ष गाडी घेतल्यापासूनचं असतं, तुमचं आर्थिक वर्ष नव्हे. त्यावरून होणाऱ्या घोटाळ्याकडे पुढे येतो.

किलोमीटर पद्धतीत आयुष्य वर्षांत मोजत नाहीत. ही व्हॅन तुमच्या वापरात एकूण ३,००,००० किलोमीटर धावेल असा अंदाज असेल तर ९,००,००० भागिले ३,००,०००, म्हणजे किलोमीटरला ३ रुपये. वर्षभरात जेवढी धाव तेवढा घसारा. ‘तुमच्या वापरात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. इंजिन ४,००,००० पर्यंत टिकणार असलं तरी तुम्ही ३,००,००० ला विकणार असाल तर भाजक ३,००,०००च, कारण पुढच्या १,००,००० किलोमीटरची किंमत अवशेष मूल्यात धरलेली असते. कंपनीच्या माहितीपत्रकातला टिकाऊपणाचा आकडा भाजक म्हणून घेतला की दर फार कमी निघतो आणि विकताना तोटा अंगावर येतो.

आता वर्षागणिक धाव. पहिल्या वर्षी मार्ग बसत असतात, म्हणून ४५,००० किमी. मग गाडी मुख्य मार्गावर लागते, आणि चौथ्या वर्षापासून बिघाड वाढतात तशी तिला जवळच्या फेऱ्या देतात. साधारण अशीच चाल बहुतेक ताफ्यांत दिसते.

| वर्ष | धाव (किमी) | वर्षांक घसारा | किमी घसारा | वर्षाखेर पुस्तकी किंमत, वर्षांक | वर्षाखेर पुस्तकी किंमत, किमी |
|---|---|---|---|---|---|
| १ | ४५,००० | ३,००,००० | १,३५,००० | ७,००,००० | ८,६५,००० |
| २ | ७२,००० | २,४०,००० | २,१६,००० | ४,६०,००० | ६,४९,००० |
| ३ | ७८,००० | १,८०,००० | २,३४,००० | २,८०,००० | ४,१५,००० |
| ४ | ६३,००० | १,२०,००० | १,८९,००० | १,६०,००० | २,२६,००० |
| ५ | ४२,००० | ६०,००० | १,२६,००० | १,००,००० | १,००,००० |

दोन्ही स्तंभांची बेरीज ९,००,०००. शेवटची पुस्तकी किंमतही एकच. मधल्या काळात मात्र दोन ताळेबंदांत एकाच गाडीची किंमत वेगळी दिसते, आणि हे अंतर सर्वांत जास्त दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस असतं: १,८९,००० रुपये. पहिल्या वर्षी वर्षांक पद्धत एकदम पुढे पळते, दुसऱ्या वर्षी आणखी थोडी, आणि तिसऱ्या वर्षापासून किलोमीटर पद्धत तिला गाठायला लागते. म्हणून गाडी दोन-तीन वर्षांत विकायची सवय असलेल्यांना पद्धतीची निवड जास्त झोंबते. पूर्ण पाच वर्षं वापरून काढणाऱ्याला तेवढी नाही.

किलोमीटरमागचा खर्च

डिलिव्हरीच्या धंद्यात दर ठरवताना माणूस किलोमीटरमागे किंवा पार्सलमागे विचार करतो. किलोमीटर पद्धतीत घसाऱ्याचा भार दरवर्षी ३ रुपयेच. वर्षांक पद्धतीचा घसारा धावेने भागा: पहिल्या वर्षी ६.६७, मग ३.३३, २.३१, १.९० आणि पाचव्या वर्षी १.४३. गाडी तीच, रस्ता तोच. पण पहिल्या वर्षी काढलेल्या दरपत्रकात ती महाग दिसते आणि शेवटच्या वर्षी जवळपास फुकट. वर्षांकांवरचा आकडा थेट दरपत्रकात घेतला तर नव्या गाडीच्या मार्गाचा दर अवाच्या सवा निघतो आणि जुन्या गाडीचा मार्ग फायद्याचा वाटायला लागतो.

तुमच्या हिशेबनिसांच्या बाजूने यावर एक जुना आणि वजनदार युक्तिवाद आहे: दुरुस्ती. गाडी जुनी होते तसा दुरुस्तीचा खर्च चढतो, वर्षांक घसारा उतरतो, आणि दोन्ही मिळून वर्षाचा भार साधारण सपाट राहतो. पडताळून पाहू. दुरुस्ती पाच वर्षांत अनुक्रमे २०,०००, ५०,०००, ९०,०००, १,४०,००० आणि १,८०,००० धरली, तर वर्षांक घसारा अधिक दुरुस्ती ३,२०,०००, २,९०,०००, २,७०,०००, २,६०,००० आणि २,४०,००० होते. खरंच बरीच सपाट. किलोमीटर पद्धतीत हीच बेरीज १,५५,००० पासून सुरू होऊन चौथ्या वर्षी ३,२९,००० वर जाते आणि पाचव्या वर्षी ३,०६,००० वर थांबते.

पण सपाट झाला तो वर्षाचा भार. धाव दरवर्षी सारखी असती तर किलोमीटरमागचाही झाला असता. इथे ती ४२,००० ते ७८,००० मध्ये हेलकावते, त्यामुळे वर्षांक पद्धतीत घसारा अधिक दुरुस्तीचा किलोमीटरमागचा आकडा ७.११ वरून ३.४६ पर्यंत पडतो आणि पुन्हा ५.७१ वर चढतो. किलोमीटर पद्धतीत तो ३.४४, ३.६९, ४.१५, ५.२२, ७.२९ असा एकाच दिशेने वाढत जातो, आणि त्या चढाला कारणीभूत असते फक्त दुरुस्ती. म्हणजे सपाटपणाचा युक्तिवाद ज्या ताफ्याची धाव वर्षानुवर्षं सारखी आहे त्यालाच लागू. ठरलेल्या मार्गावर ठरलेल्या फेऱ्या असतील तर वर्षांक पद्धत बरी बसते. हंगामाप्रमाणे किंवा कंत्राटाप्रमाणे धाव बदलत असेल तर नाही.

जाता जाता एक सावधगिरी. जुनी गाडी काढायची की ठेवायची हे ठरवताना या दोन्ही आकड्यांतला घसारा बाजूला ठेवा. तिथे पुढच्या वर्षाची दुरुस्ती आणि वर्षभरात बाजारातली किंमत किती पडेल, एवढंच पाहायचं. झालेला खर्च पुस्तकात कुठल्या वर्षी लिहिला यावर गाडीचं पुढचं भवितव्य ठरत नाही. ‘अजून पुस्तकी किंमत चार लाख आहे, मग कशी काढायची?’ म्हणून अडलेल्या गाड्या बऱ्याच गॅरेजांत उभ्या दिसतात.

मधेच विकली तर

समजा, तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस व्हॅन ४,००,००० ला विकली. वर्षांक पद्धतीत पुस्तकी किंमत २,८०,०००, म्हणून १,२०,००० नफा दिसेल. किलोमीटर पद्धतीत पुस्तकी किंमत ४,१५,०००, म्हणून १५,००० तोटा. आता तीन वर्षांचा एकूण भार जोडा. वर्षांक: ७,२०,००० घसारा वजा १,२०,००० नफा, ६,००,०००. किलोमीटर: ५,८५,००० घसारा अधिक १५,००० तोटा, ६,००,०००. गाडीने तुम्हाला सहा लाखांनाच घातलंय, दोन्हीकडे.

म्हणून विक्रीचा ‘नफा’ पाहून खूश होण्यात अर्थ नाही. तो पूर्वीच्या वर्षांत जास्त लिहिलेल्या घसाऱ्याचा परतावा आहे. उलट, ताफ्यातल्या गाड्या विकताना दरवेळी एकाच बाजूचा मोठा फरक येत असेल तर तो अंदाज चुकल्याचा सर्वांत स्वस्त पुरावा असतो. सलग चार-पाच विक्र्यांत घसघशीत नफा आला तर अवशेष मूल्य कमी धरलंय किंवा घसारा फार लवकर जातोय. सलग तोटा आला तर एकूण किलोमीटरचा अंदाज फुगवलेला आहे. प्रत्येक विक्रीला तीन आकडे एका ओळीत लिहून ठेवा: विक्रीची रक्कम, त्या दिवशीची पुस्तकी किंमत, मीटरवरचे किलोमीटर. पुढच्या खेपेच्या गाड्यांचा दर ठरवायला याहून चांगली माहिती बाहेर कुठे मिळत नाही.

ताफा म्हणून पाहिलं तर

आतापर्यंत एकच गाडी होती. पाच गाड्या असतील आणि दरवर्षी एक जुनी काढून एक नवी घेत असाल तर गंमत होते. कोणत्याही वर्षी ताफ्यात एक गाडी पहिल्या वर्षात, एक दुसऱ्या, असं करत एक पाचव्या वर्षात असते. वर्षांक पद्धतीचा एकूण घसारा ३,००,००० + २,४०,००० + १,८०,००० + १,२०,००० + ६०,००० = ९,००,०००. किलोमीटर पद्धतीत प्रत्येक गाडी वरच्या चालीनेच धावत असेल तर ताफ्याची वर्षाची धाव ३,००,००० किमी, घसारा पुन्हा ९,००,०००. सरळ रेषेनेही तेवढाच. अशा मुरलेल्या ताफ्यात नफा-तोटा पत्रकाला पद्धतीने काहीच फरक पडत नाही.

फरक उरतो तो ताळेबंदात. पाचही गाड्यांच्या वर्षाखेरच्या पुस्तकी किमती जोडल्या तर वर्षांक पद्धतीत १७,००,००० आणि किलोमीटर पद्धतीत २२,५५,०००. हे ५,५५,००० चं अंतर कायमचं तसंच राहतं. बँक गाड्यांच्या पुस्तकी किमतीवर कर्जाची मर्यादा ठरवत असेल तर ते लागतं, नाहीतर सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही.

तुमची गोष्ट मात्र मुरलेल्या ताफ्याची नाही. पाचही व्हॅन एकदम आल्या आहेत, त्यामुळे सगळ्यांचं वय एकच. पहिल्या वर्षी वर्षांक पद्धतीने घसारा १५,००,००० आणि किलोमीटर पद्धतीने ६,७५,०००. पाचव्या वर्षी उलट: ३,००,००० आणि ६,३०,०००. आणि मग सगळ्या गाड्या एकदम बदलाल तेव्हा वर्षांक घसारा ३,००,००० वरून पुन्हा १५,००,००० वर उडी मारेल, धंद्यात काहीही बदललेलं नसताना. हा दर पाच वर्षांनी येणारा झटका टाळायचा तर दोनच उपाय: गाड्या टप्प्याटप्प्याने बदलायच्या, नाहीतर किलोमीटर पद्धत घ्यायची. तिसरा उपाय, म्हणजे नफा कमी दिसायला लागला की पद्धत बदलणं, चालत नाही.

आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएएस १६ मध्ये हे स्पष्ट आहे. मालमत्तेचा उपयोग ज्या चालीने संपतो ती चाल पद्धतीत उतरली पाहिजे आणि ती दरवर्षी, निदान वर्षाखेरीस, तपासून पाहिली पाहिजे. चाल खरंच बदलली असेल तर पद्धत बदलता येते, पण तो अंदाजातला बदल समजला जातो. त्याचा परिणाम पुढच्या वर्षांवर टाकायचा, मागची वर्षं उकरायची नाहीत. या मानकात उत्पादन एकक पद्धतीचं नाव थेट आहे, आणि किलोमीटर पद्धत तिचाच एक प्रकार. वर्षांक पद्धतीचं नाव नाही, पण उपयोग सुरुवातीला जास्त संपतो हे दाखवता आलं तर ती त्या तत्त्वात बसते. ते दाखवायची जबाबदारी तुमची. ‘आमच्याकडे पहिल्यापासून असंच चालतं’ हे दाखवणं नव्हे.

त्याच मानकातली आणखी एक गोष्ट डिलिव्हरीवाल्यांना नेमकी नडते. एकक म्हणून किलोमीटर, इंजिनाचे तास किंवा पोचवलेल्या पार्सलांची संख्या घेता येते, बिलाची रक्कम नाही. २०१४ च्या दुरुस्तीने महसुलावर आधारलेला घसारा अयोग्य ठरवला आणि ती १ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. कारण सोपं आहे: दर वाढवले की बिल वाढतं, गाडी तेवढीच झिजते.

किलोमीटर पद्धत कुठे फसते

ही पद्धत चोख वाटते, पण तिचा सगळा भार एका अंदाजावर असतो, आणि तो अंदाज मोडतो तेव्हा आवाज होत नाही. वरच्या गाडीचंच पाहा. तिसऱ्या वर्षी एक मोठं कंत्राट गेलं आणि धाव ७८,००० ऐवजी ३०,००० झाली. ३ रुपयांचा दर तसाच ठेवला तर घसारा फक्त ९०,०००. खर्च कमी, नफा बरा, सगळे खूश. पण गाडी पाचव्या वर्षीच काढायची आहे. चौथ्या-पाचव्या वर्षाची धाव ठरल्याप्रमाणे ६३,००० आणि ४२,००० झाली तर एकूण धाव २,५२,०००. न धावलेल्या ४८,००० किलोमीटरचे १,४४,००० रुपये पुस्तकात अडकून राहतात आणि विक्रीच्या दिवशी तोटा होऊन बाहेर पडतात.

कंत्राट गेल्याचं कळलं त्याच वर्षी दर नव्याने काढायला हवा होता. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस पुस्तकी किंमत ६,४९,०००, त्यातून अवशेष मूल्य १,००,००० वजा, राहिले ५,४९,०००. पुढे अपेक्षित धाव ३०,००० + ६३,००० + ४२,००० = १,३५,०००. नवा दर ४.०७ च्या जवळ (नेमका ४.०६६७). तिसऱ्या वर्षी १,२२,०००, चौथ्या वर्षी २,५६,२००, पाचव्या वर्षी १,७०,८००, बेरीज बरोबर ५,४९,०००. इथे नेहमीची चूक म्हणजे ९,००,००० भागिले २,५२,००० असा पहिल्यापासूनचा दर काढून मागच्या दोन वर्षांची वाढीव रक्कमही याच वर्षात टाकणं. तसं करायचं नाही. उरलेली रक्कम उरलेल्या किलोमीटरांवर, बस.

वर्षांक पद्धतीत अंदाज बदलण्याची रीत हीच. दोन वर्षांनंतर गाडी तीन नव्हे, आणखी चार वर्षं चालेल असं ठरलं तर पुस्तकी किंमत ४,६०,००० वजा १,००,०००, म्हणजे ३,६०,०००. नवे अंक ४ + ३ + २ + १ = १०. पुढचा घसारा १,४४,०००, १,०८,०००, ७२,००० आणि ३६,०००. मूळ आयुष्य सहा वर्षं झालं म्हणून भाजक २१ घेऊन जुन्या ९,००,००० वर पुढचे अपूर्णांक लावले तर बेरीज जुळत नाही.

गाडी उभी राहिली तर? किलोमीटर पद्धतीत धाव शून्य म्हणजे घसारा शून्य, आणि मानकाला ते मान्य आहे. पण टायर, रबरी भाग, बॅटरी आणि बाजारातली किंमत या गोष्टी उभ्या गाडीच्याही उतरतात. तीन महिने उभी असेल तर सोडून द्या. वर्षभर उभी असेल तर एकूण किलोमीटर आणि अवशेष मूल्य दोन्ही पुन्हा बघा. गाडी पुन्हा रस्त्यावर येणारच नसेल तर प्रश्न घसाऱ्याचा राहत नाही, तिच्या किमतीत झालेली घट वेगळी दाखवावी लागते.

किलोमीटर हेच योग्य एकक आहे का, तेही गाडीच्या कामावर आहे. दिवसाला शंभर थांबे घेणारी शहरातली व्हॅन ५० किलोमीटरांत क्लच, ब्रेक आणि दाराचे सरकते भाग जितके झिजवते, तेवढी झीज महामार्गावर चालणारी व्हॅन ५०० किलोमीटरांतही करत नसेल. तुमच्या पाच व्हॅनांपैकी तीन शहरात आणि दोन दूरच्या मार्गावर असतील तर सगळ्यांना ३ रुपये लावू नका. शहरातल्या व्हॅनांसाठी एकूण किलोमीटरचा अंदाज कमी धरून दर वेगळा काढा, किंवा त्यांना इंजिनाचे तास हे एकक द्या. थंड पेटीची गाडी असेल तर कॉम्प्रेसर हा वेगळा भाग म्हणून नोंदवा, कारण गाडी उभी असतानाही तो चालू असतो.

मग मीटर. वर्षाच्या शेवटच्या दिवशी प्रत्येक गाडीचं रीडिंग हवं, चार दिवसांनी घेतलेलं नव्हे. दिवसाला २५० किलोमीटर धावणाऱ्या गाडीत चार दिवस म्हणजे ३,००० रुपये. मीटरचं पॅनेल बदललं तर नवं रीडिंग शून्यापासून किंवा भलत्याच आकड्यापासून सुरू होतं. बदलाच्या दिवशीची जुनी आणि नवी दोन्ही रीडिंग जॉबकार्डवर लिहून घेतली नाहीत तर पुढे ती गाडी वर्षभर उलटी धावलेली दिसते. जीपीएसचे किलोमीटर आणि मीटरचे किलोमीटर सहसा तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून कुठलंही एक धरा आणि मधे बदलू नका. चूक पकडायला सोपी कसोटी म्हणजे प्रत्येक गाडीचे वर्षाचे किलोमीटर भागिले भरलेलं डिझेल. एखाद्या गाडीची सरासरी कारण नसताना एकदम दुप्पट किंवा निम्मी झाली तर रीडिंग चुकलंय असं समजून तपासा.

आणि घसाऱ्याला वरची मर्यादा घालायला विसरू नका. गाडी ३,००,००० च्या पुढे धावली तरी घसारा ९,००,००० च्या पुढे जाता कामा नये:

```
=MIN(F2*$B$1, E2-$B$2)
```

यात `F2` वर्षाची धाव, `B1` दर, `E2` वर्षाच्या सुरुवातीची पुस्तकी किंमत आणि `B2` अवशेष मूल्य. ही ओळ नसलेल्या शीटमध्ये एक-दोन गाड्या नेहमी अवशेष मूल्याच्या खाली गेलेल्या सापडतात.

वर्षांक पद्धत कुठे फसते

एकाच ठिकाणी, पण हमखास: गाडी आर्थिक वर्षाच्या मधे घेतलेली असते तेव्हा. वर्ष संपायला तीन महिने असताना व्हॅन आली तर त्या आर्थिक वर्षात ३,००,००० चे ३/१२, म्हणजे ७५,०००. दुसऱ्या आर्थिक वर्षात थेट ४/१५ लावतात, तिथे चुकतं. त्या वर्षातले पहिले नऊ महिने अजून गाडीच्या पहिल्याच वर्षातले आहेत. म्हणून ३,००,००० चे ९/१२ अधिक २,४०,००० चे ३/१२: २,२५,००० + ६०,००० = २,८५,०००. पुढे त्याच रीतीने २,२५,०००, १,६५,०००, १,०५,००० आणि सहाव्या आर्थिक वर्षात उरलेले ४५,०००. बेरीज ९,००,०००. आर्थिक वर्षाला एकच अपूर्णांक लावणाऱ्यांचे २,२५,००० कुठेतरी हरवतात आणि शेवटच्या वर्षी ‘ॲडजस्टमेंट’ म्हणून उगवतात.

किलोमीटर पद्धतीत ही भानगडच नाही, धाव आपोआप कमी भरते. तरी तिथेही धावेवर काढलेल्या घसाऱ्याला पुन्हा ३/१२ ने गुणणारे लोक भेटतात. तसं केलं तर पहिल्या वर्षाचा घसारा चौपटीने कमी लागतो.

तुमच्यासाठी माझं मत: पाचही व्हॅन एकाच वेळी आल्या आहेत आणि डिलिव्हरीचा दर किलोमीटरवर ठरत असेल, तर ऑडिटरचं ऐका. अट एवढीच, की मासिक रीडिंग घेणारा माणूस नेमलेला हवा आणि वर्षाखेरीस एकूण किलोमीटरचा अंदाज खरोखर तपासला गेला पाहिजे. रीडिंगची शिस्त बसणार नसेल तर अचूक दिसणाऱ्या खोट्या आकड्यांपेक्षा वर्षांक पद्धत बरी. तिला फक्त खरेदीची तारीख लागते, आणि ती बिलावर छापलेली असते. कोणतीही निवडा, पण कराच्या हिशेबातला घसारा त्या कायद्याच्या दराने वेगळा चालतो. त्यासाठी मालमत्ता नोंदवहीत स्वतंत्र स्तंभ ठेवा आणि दोन्हींतला फरक दरवर्षी जुळवून लिहा.